पूर्ण झालेल्या घराच्या कामाची कॅप्शन कशी लिहावी

इंटिरिअरचं काम संपतं, फोटो सुंदर येतात आणि खाली लिहिलं जातं, ‘स्वप्नातलं घर साकार!’ वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला त्याच्या घरातली अडचण सुटेल का, एवढंच पाहायचं असतं. म्हणून कॅप्शन अडचणीपासून सुरू करावी. आमच्या एका कामाचं उदाहरण घेते: ८ बाय १० फुटांचं स्वयंपाकघर.

खरी सुरुवात मापं घ्यायला जाता त्या दिवशीच होते. तोडफोड झाली की ‘आधी’चा फोटो पुन्हा मिळत नाही. फोटो काढताना दाराच्या चौकटीपासून किती अंतरावर उभे होतात आणि फोन किती उंचीवर धरला होता, हे वहीत लिहून ठेवा. ‘नंतर’चा फोटो तिथूनच, त्याच लेन्सने आणि दिवसाच्या त्याच वेळी घ्या. आधीचा फोटो रात्रीच्या पिवळ्या उजेडात आणि नंतरचा भर दुपारी वाइड लेन्सने काढला, तर फरक कामाचा की कॅमेऱ्याचा हे सांगता येत नाही. वाइड लेन्स ओळखणंही सोपं आहे: कडेची कपाटं ताणल्यासारखी दिसतात. असा फोटो पाहून आलेला माणूस प्रत्यक्ष खोली बघितली की हिरमुसतो.

त्याच भेटीत घरच्यांना विचारा, ‘इथे रोज कशाचा त्रास होतो?’ त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या. या घरातल्या ताई म्हणाल्या होत्या, “चिरायला उभी राहिले की माझीच सावली पाटावर पडते.” छताच्या मधोमध एकच दिवा होता आणि ओट्यापाशी उभं राहिलं की तो पाठीमागे यायचा. कॅप्शनची पहिली ओळ इथेच मिळाली. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण उघडण्याआधी सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो. त्यामुळे फर्मचं नाव किंवा अभिनंदन तिथे घालून ती जागा वाया घालवू नका.

पुढे आधी आणि नंतर जोडीने लिहा. सगळं ‘आधी’ एका परिच्छेदात आणि सगळं ‘नंतर’ दुसऱ्यात गेलं, तर कशामुळे काय सुटलं हे वाचणाऱ्याला स्वतः जुळवत बसावं लागतं. तीन जोड्या पुरतात. नुसतं ‘आधुनिक प्रकाशयोजना’ म्हणू नका, दिवा कुठे लावला ते सांगा. शेवटी जे बदललं नाही तेही लिहा. ही ओळ बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विश्वास तिच्यामुळेच बसतो.

आमची कॅप्शन अशी झाली:

‘चिरताना स्वतःचीच सावली पाटावर पडायची आणि फ्रिज उघडला की वाट अडायची. ८ बाय १० फुटांचं हे स्वयंपाकघर.

आधी: छताच्या मधोमध एकच दिवा. नंतर: वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी, त्यामुळे उजेड थेट ओट्यावर.
आधी: फ्रिज दाराला लागून. नंतर: तो समोरच्या भिंतीशी, येण्याजाण्याची वाट मोकळी.
आधी: ओट्याखाली खोल कप्पे, मागचं काढायला खाली बसावं लागे. नंतर: पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर.

सिंक, खिडकी आणि फरशी तीच ठेवली. साइटवरचं काम २४ दिवस.

तुमच्या स्वयंपाकघरासाठी आम्हाला ‘स्वयंपाकघर’ असा मेसेज करा. सोबत दारातून काढलेला एक फोटो, खोलीची लांबी-रुंदी आणि काम कधी सुरू करायचं आहे ते पाठवा. दोन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ.’

चौकशीचा मार्ग एकच ठेवला आहे. फोन, ईमेल, फॉर्म आणि मेसेज असं सगळं दिलं की माणूस ‘नंतर बघू’ म्हणून पुढे जातो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबून उघडत नाही. फॉर्मच हवा असेल, तर लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा आणि कॅप्शनमध्ये तसं सांगा. उत्तराची जी मुदत लिहाल, ती पाळता येईल अशीच लिहा.

टाकण्यापूर्वी घरमालकांना फोटो आणि मजकूर दोन्ही दाखवून लेखी होकार घ्या. दारावरची पाटी, कुटुंबाचे फोटो, खिडकीतून दिसणारी ओळखीची इमारत फोटोत राहिली आहे का, तेही बघा. संगणकावर केलेलं चित्र असेल तर तसं स्पष्ट लिहा. ते ‘नंतर’चा फोटो म्हणून देऊ नका.

पुढचे काही दिवस आलेल्या मेसेजमधले प्रश्न टिपून ठेवा. आम्हाला चार जणांनी विचारलं, “काम चालू असताना घरात राहता येतं का?” ते कॅप्शनमध्ये नव्हतंच. त्याच दिवशी ‘साइटवरचं काम २४ दिवस’ याच्या पुढे आम्ही जोडलं: ‘या काळात कुटुंब घरातच राहिलं, स्वयंपाकाची तात्पुरती सोय बाल्कनीत केली होती.’