‘हे माणसानेच लिहिले’ असे खात्रीने सांगता येईल असा मराठी परिच्छेदसंच कसा तयार करावा

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या डिटेक्टरची परीक्षा घ्यायची तर दोन ढीग लागतात. यंत्राच्या मजकुराचा ढीग एका दुपारी तयार होतो. माणसांच्या मजकुराच्या ढिगाला मात्र महिने लागतात, आणि बहुतेक संच फसतात ते याच ढिगापाशी. त्यामुळे हा लेख त्याच ढिगापुरता आहे.

सर्वप्रथम एक सल्ला विसरावा, तो म्हणजे ‘2022 च्या आधीचे ब्लॉग उचला, ते माणसांचेच असणार’. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी खुले झाले, म्हणून त्याआधीची तारीख असलेले सर्व निर्धोक, असा हा हिशेब आहे. मीही पहिला संच असाच गोळा केला होता. त्यात 2019 ची तारीख मिरवणारा, मराठी भाषेवरचा एक परिच्छेद होता आणि त्याच्या तिसऱ्या वाक्यात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केला होता. हा दर्जा केंद्र सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी दिला. लेखकाने जुने पान नव्याने लिहून घेतले होते आणि तारीख तशीच ठेवली होती. हा परिच्छेद सापडला तो केवळ त्यात एक घटना होती म्हणून. आंब्याच्या लोणच्यावरचा परिच्छेद असता तर कधीच सापडला नसता.

तारीख खरी असली तरीही प्रश्न सुटत नाही, कारण यांत्रिक भाषांतर चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीपासून आहे. जुन्या पानांवर ‘चाहता चालू करण्यापूर्वी खिडकी उघडा’ अशी वाक्ये आढळतात; तिथे मूळ इंग्रजीत ‘फॅन’ होता आणि यंत्राने पंख्याचा चाहता केला. हे माणसाचे मराठी नव्हे. शिवाय जे जुने पान कोणालाही सहज सापडते, ते चॅटजीपीटीसारख्या भाषाप्रारूपांच्या प्रशिक्षणातही गेलेले असण्याची दाट शक्यता असते. काही डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो यावरून निर्णय देतात. प्रारूपाने आधीच पाहिलेला मजकूर त्यांना साहजिकच ‘सोपा’ वाटतो आणि ते त्याला यंत्राचा ठरवतात. म्हणजे चूक डिटेक्टरची की संचाची, हे सांगता येत नाही.

म्हणून माझे मत ठाम आहे: संचाचा मुख्य भाग समोर बसवून, कागदावर, हाताने लिहून घ्यावा. फोन दाराशी टोपलीत ठेवावेत, पाऊण तास द्यावा आणि दोन विषय द्यावेत. ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय एकटाच कधी देऊ नये, कारण शाळेत घोटलेली वाक्ये जशीच्या तशी उतरतात. ‘घरातले पाणी दोन दिवस गेले होते तेव्हा काय केले’ असा एक विषय आणि ग्रामपंचायतीला किंवा सोसायटीला लिहायचे एक औपचारिक पत्र, अशी जोडी उत्तम चालते. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, शेतकरी, गृहिणी असे वेगवेगळे लोक घ्यावेत. घरात वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा कन्नड बोलणारेही हवेतच. लेखी संमती आधीच घ्यावी.

पत्रांबाबत एक इशारा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की’ असे वाक्य माणूसच लिहितो, पण साच्यातले असल्याने डिटेक्टर हमखास त्यावर घसरतो. ‘हे नमुने शंकास्पद आहेत, काढून टाका’ असे सुचवणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. खोटा आरोप होतो तो असेच मराठी लिहिणाऱ्या कारकुनावर आणि विद्यार्थ्यावर. हे नमुने ठेवावेत, मात्र वेगळ्या नोंदीखाली, म्हणजे त्यांचा निकाल स्वतंत्र काढता येईल.

टंकलेखन दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्यावे आणि जिथे फरक दिसेल तिथे मूळ कागद पाहावा. कागदावर ‘पाणि’ असेल तर ‘पाणि’च टाइप झाले पाहिजे. चांगला टंकलेखक नकळत शुद्धलेखन सुधारतो आणि लिहिणाऱ्याची खूणच पुसून टाकतो.

नोंदी तीनच ठेवाव्यात, पण काटेकोर. पहिली, पुरावा काय: हस्तलिखित जपलेले आहे, छापील अंकाचे पान आहे, की केवळ लेखकाचा शब्द आहे. दुसरी, मदत कोणती: काहीच नाही, कीबोर्डच्या सूचना, दुसऱ्या माणसाचे संपादन, भाषांतर. तिसरी, लेखनप्रकार आणि लेखकाची घरची भाषा. ‘माणूस’ एवढाच शिक्का मारलेल्या संचाचा पुढे काही उपयोग होत नाही, कारण फोनवर सुचलेले शब्द निवडत लिहिलेला परिच्छेद कुठे टाकायचा यावर पुढे वाद होतोच.

आता ज्या टप्प्यावर माझे दोन महिने वाया गेले, तो टप्पा. माझ्या संचावर एका डिटेक्टरने जवळजवळ निर्दोष निकाल दिला आणि मला आनंद झाला. नंतर मी परिच्छेदांतून सगळे नेहमीचे शब्द काढून फक्त विरामचिन्हे, अंक आणि अदृश्य चिन्हे ठेवली, तरी दोन्ही ढीग वेगळे ओळखता येत होते! कारण साधे होते. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माझे टंकलेखक दुसरी पद्धत वापरत होते, यंत्राचा मजकूर पहिली. ‘ॲ’चेही तसेच. डिटेक्टरची भाषेची समज तपासली गेलीच नव्हती, तपासला गेला होता कीबोर्ड. युनिकोडचे नेहमीचे एकरूपीकरण हे दोन भेद मिटवत नाही. ते स्वतः मिटवावे लागतात:

```python
import unicodedata

def ekrup(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    return " ".join(s.split())
```

हे दोन्ही ढिगांवर सारखेच चालवावे. अवतरणचिन्हे आणि देवनागरी-इंग्रजी अंक यांचेही एकच रूप ठरवावे आणि मूळ फाइल बाजूला जपून ठेवावी. मग विरामचिन्हांची तीच चाचणी पुन्हा करावी. ढीग तरीही वेगळे पडत असतील तर संच अजून तयार झालेला नाही.

याच जातीची दुसरी चूक खासगी माहिती झाकताना होते. नावाच्या जागी चौकट किंवा फुल्या टाकल्या की ती चौकटच ‘माणूस’ असल्याची खूण बनते, कारण यंत्राच्या परिच्छेदात ती नसते. त्याऐवजी नावाच्या जागी दुसरे साधे नाव आणि गावाच्या जागी दुसरे गाव घालावे, आणि बदल झाल्याची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवावी.

संच किती मोठा हवा? शंभर परिच्छेदांपैकी एकावरही खोटा आरोप झाला नाही, तरी खरे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकते. ‘एक टक्क्याहून कमी’ असे म्हणायचे तर तीनशेपैकी एकही चुकता कामा नये. हा हिशेब परिच्छेद एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून आहे. एकाच माणसाचे दहा परिच्छेद म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. म्हणून मोजणी लेखकांची करावी, एका लेखकाकडून दोनापेक्षा जास्त परिच्छेद घेऊ नयेत आणि ते दोन्ही संचाच्या एकाच भागात ठेवावेत. हा भाग महत्त्वाचा आहे, कारण संच दोन भागांतच करायचा असतो: अर्धा खुला करायचा आणि अर्धा कुलपात ठेवायचा. खुला झालेला भाग पुढच्या प्रारूपांच्या प्रशिक्षणात जाणार हे गृहीत धरावे, आणि डिटेक्टरचा निकाल कुलपातल्या अर्ध्यावरच घ्यावा.