ओट्सची गोड किंवा तिखट लापशी: ती चिकट होऊ न देता कशी शिजवावी

ओट्स शिजताना त्यांतील पिष्ट आणि बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ पाण्यात उतरतो आणि त्यामुळे लापशी दाट होते. थोडा दाटपणा हवाच असतो; मात्र दाणे जास्त ढवळून मोडले, की हे पदार्थ गरजेपेक्षा अधिक बाहेर पडतात आणि लापशीची खळ होते.

पाकिटावर ‘रोल्ड ओट्स’ असे लिहिले आहे का, हे आधी पाहावे. ‘इन्स्टंट’ ओट्स पातळ आणि बारीक असल्याने लवकर लगदा होतात. पुढील प्रमाण रोल्ड ओट्सचे आणि एका माणसापुरते आहे.

गोड लापशीसाठी अर्धा कप, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम, ओट्स कोरड्या पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटे, खमंग वास येईपर्यंत परतावेत. परतलेले दाणे शिजताना सुटे राहतात, म्हणून ही पायरी गाळू नये. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्याला उकळी आणावी आणि त्यात ओट्स सोडावेत. थंड पाण्यापासून सुरुवात केल्यास पिष्ट अधिक सुटते. मऊसूत लापशी आवडणाऱ्यांना ते चालेल, पण दाणा जाणवायला हवा असेल तर पाणी उकळतेच हवे. आच मंद करून चार-पाच मिनिटे शिजवावे आणि या वेळात दोन-तीनदाच, तळापासून हलक्या हाताने, ढवळावे. पाणी आटत आले की अर्धा कप गरम दूध घालून आणखी दोन मिनिटे ठेवावे. सगळे शिजवणे दुधातच केल्यास ते तळाला लागण्याची भीती असते आणि मग सतत ढवळत राहावे लागते, जे नेमके टाळायचे आहे. साखर किंवा मध शेवटी घालावा. आंबट फळे मात्र वाढताना वरून घालावीत, कारण आंबटपणाने गरम दूध फाटू शकते.

तिखट लापशीत दूध नको. चमचाभर तेलात कांदा आणि बारीक चिरलेल्या भाज्या परतून घ्याव्यात, भाजलेले अर्धा कप ओट्स त्यांत मिसळावेत आणि एक कप उकळते पाणी, मीठ व मिरपूड घालून, न ढवळता, झाकण ठेवून पाच मिनिटे मंद आचेवर शिजवावे. भाज्यांना पाणी सुटत असेल, तर दोन-तीन चमचे पाणी कमी घ्यावे.

कोणतीही लापशी इच्छेपेक्षा किंचित पातळ असतानाच गॅस बंद करून दोन मिनिटे झाकून ठेवावी, कारण निवताना ती आणखी घट्ट होते. चमच्यावरून ती सलग न ओघळता गोळ्याने पडू लागली, तर थोडे गरम पाणी किंवा दूध घालून एकदाच हलवावे. दाणे पूर्ण मोडून तार सुटू लागली असेल, तर मात्र पाण्याने ती फक्त पातळ होईल, सुटी होणार नाही.