चाळीस जणांचा एक फोटो: हॉलमधली तयारी

सगळ्यात आधी घोडा. डेकोरेटरची माणसं फुलं आणि झालरी बांधायला जो घोडा आणतात, दोन्ही बाजूंनी उघडणारी ती सहा फुटी शिडी, तो फोटो होईपर्यंत हॉलमध्येच राहील असं त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. सजावट सकाळी आठपर्यंत उरकते, टेम्पो भरून निघून जातो आणि घोडा त्याच टेम्पोत जातो. मग साडेअकराला चाळीस माणसं उभी राहतात आणि फोटो काढणारा खुर्चीवर चढू की टेबलावर, असा शोध सुरू करतो. हॉलच्या मॅनेजरकडे दिवे बदलायची शिडी असते, पण ती कुलपात असते आणि किल्लीवाला नेमका जेवायला गेलेला असतो. त्यावर विसंबू नका.

घोडा का, ते नीट समजून घ्या, नाहीतर ऐन वेळी कोणीतरी म्हणेल, ‘कशाला एवढं, असाच काढ’, आणि तुम्ही ऐकाल. दादर-पार्ल्याच्या बहुतेक हॉलमध्ये जमीन सपाट असते. उभ्या असलेल्यांच्या दोन रांगा, मध्ये साधारण दोन फूट अंतर, आणि कॅमेरा वीस-बावीस फुटांवर, असं धरा. लेन्स पाच फुटांवर, म्हणजे हातात धरल्या उंचीला असेल, तर पुढच्याच्या डोक्यावरून जाणारी नजर सरळ किंवा किंचित वरच जाते. मागच्याचे डोळे दिसले तर दिसले. तीच लेन्स आठ फुटांवर नेली की नजर खाली उतरत जाते आणि मागच्या प्रत्येकाचा चेहरा जवळपास तीन इंच जास्त दिसतो. तीन इंच म्हणजे चार बोटं. नाकाखालचा सगळा भाग, हसू आणि हनुवटी, त्या चार बोटांत मावतो. शिवाय वर बघितल्यावर माना आपोआप उचलल्या जातात आणि दुहेरी हनुवट्या ताणल्या जातात. घोड्याच्या तीन फुटांवरच्या पायरीवर उभं राहायचं, सगळ्यात वरच्यावर नाही. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो, म्हणून एक दणकट माणूस धरायला हवा. तो माणूसही आधीच ठरवा, आणि तो फोटोत असणाऱ्यांपैकी नको.

स्टेजचा मोह टाळा. दोन-अडीच फूट उंच स्टेजवर मागची रांग चढवली तर वरचे आणि खालचे वेगवेगळ्या फोटोतले वाटतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर साड्या नेसलेल्या बायकांना उभं करायचा विचार तर कोणी करूच नये. हॉलच्या दाराशी तीन-चार रुंद पायऱ्या असतील तर त्या उत्तम, पण तिथेही कॅमेरा खाली राहिला तर मागच्यांच्या नाकपुड्याच येतात. म्हणजे पायऱ्या असल्या तरी घोडा लागतोच.

आता माणसं. आकडा नक्की करा. ‘असतील तीसेक’ चालणार नाही. एक धरून चालू: आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आणि फोटोत चाळीस जण. खुर्च्यांवर दहा, त्यांच्यामागे उभे अकरा, त्यांच्यामागे बारा, आणि पुढे जमिनीवर सात मुलं. हे आकडे उगाच नाहीत. दहा खुर्च्यांवरच्या डोक्यांमध्ये नऊ फटी पडतात, दोन्ही टोकांना एकेक जागा, म्हणून मागे अकरा. अकरा जणांमध्ये दहा फटी आणि दोन टोकं, म्हणून त्यामागे बारा. प्रत्येकाचं डोकं पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत आलं पाहिजे. घोड्याने मिळालेले तीन इंच आणि ही फट, दोन्ही मिळून चेहरा पूर्ण दिसतो. एकट्या कशानेच दिसत नाही. उंच माणसं शेवटच्या रांगेत, हे सांगायला नको. पण उंच मुलगे कोपऱ्यात जाऊन उभे राहतात आणि मधे बुटक्या मावश्या मागे अडकतात, तेव्हा रांगेकडे एकदा टोकापासून टोकापर्यंत बघाच.

खुर्च्या बिनहातांच्या मागा. हातवाल्या खुर्चीला पावणेदोन-दोन फूट लागतात, बिनहातांची दीड फुटात बसते. दहा खुर्च्यांत तीन-चार फुटांचा फरक पडतो आणि तेवढा कॅमेरा मागे न्यावा लागतो. मागे भिंत किंवा बुफेची टेबलं असतात. खुर्च्यांमध्ये फट ठेवायची नाही, त्या एकमेकींना चिकटवायच्या. सत्काराचा सोफा वापरू नका. त्यात माणूस रुततो, गुडघे वर येतात, आणि आजीला उठवायला दोघं लागतात. खुर्च्यांची रांग सरळ रेषेत न मांडता टोकाच्या खुर्च्या एक-दीड फूट पुढे घ्या, म्हणजे कडेची माणसं कॅमेऱ्यापासून मधल्यांइतकीच लांब राहतात आणि चेहरे तितकेच ठळक येतात. मुलांसाठी जाजम किंवा सतरंजी. हे सगळं फोटोच्या अर्धा तास आधी मांडून ठेवायचं आणि खुर्च्यांजवळ कोणालातरी उभं करायचं, नाहीतर केटररची पोरं त्या पंगतीला उचलून नेतात.

कोण कुठे बसणार, हे घरात आदल्या दिवशी ठरवा, हॉलमध्ये नाही. मधोमध आजोबा-आजी. एका बाजूला आजोबांचे धाकटे भाऊ आणि त्यांची पत्नी, दुसऱ्या बाजूला आजोबांची बहीण आणि आजीची बहीण. मग दोन्ही टोकांना व्याही-विहिणींची एकेक जोडी. दहा झाले. मागे आजोबांच्या मुलांची एकेक शाखा उभी लावा: थोरला मुलगा, सून, त्यांची मोठी मुलं एका पट्ट्यात पुढे-मागे, त्यांच्या शेजारी थोरल्या लेकीची, आणि असंच पुढे. वयाप्रमाणे किंवा मानाप्रमाणे आडव्या रांगा लावायला गेलात तर जावयांना कुठे उभं करायचं यावरच दहा मिनिटं जातात. उभ्या पट्ट्यांत प्रत्येकाला आपली जागा आपोआप कळते, आणि पुढे वीस वर्षांनी फोटो बघणाऱ्यालाही कोण कोणाचं ते कळतं.

बोलवायला माणूस एकच, आणि तो घरातला. फोटोग्राफरला आत्याचं नाव माहीत नसतं. मोठा आवाज असलेला भाचा किंवा धाकटी जाऊ, हातात कागदावर नावं. आधी उभे राहणारे, मग मुलं, आणि ज्येष्ठ मंडळी सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर आजोबा पंधरा मिनिटं ताटकळतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा फोटोत कायमचा राहतो.

अंतर. सोळा फूट रुंद घोळक्यासाठी फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स लावून वीस फुटांवर थांबा. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळे राहतात. जागा नाही म्हणून पुढे येऊन रुंद लेन्स लावली की कडेचे चेहरे आडवे ताणले जातात, आणि कडेला व्याही बसलेत हे लक्षात ठेवा. मोबाइलने काढायचा तर 1x वर, वीस फुटांवरूनच, मग कडा कापा. 0.5x ला हात लावू नका. आणि मोबाइल असला तरी घोडा लागतोच. मोबाइल हलका आहे म्हणून तो आठ फुटांवर आपोआप जात नाही. घोडा खरोखरच मिळाला नाही तर लाइटचा उंच स्टँड घ्या, त्यावर मोबाइल बसवा आणि रिमोटने काढा. हात वर करून अंदाजाने काढू नका.

वेळ: औक्षण संपल्यावर, पहिल्या पंगतीच्या आधी. केटररला पंगत वीस मिनिटं उशिरा घ्यायला आधीच सांगा, कारण ताटं मांडलेली दिसली की रांग मोडते. जेवणानंतर तर विचारूच नका: साड्या चुरगळतात, मुलांच्या कपड्यांवर वरण येतं, आणि बोरिवली-डोंबिवलीची मंडळी गाडीची वेळ बघून निघालेली असतात.

उभं करताना चेहऱ्याआधी खांदे बघा. उभ्या असलेल्यांनी थोडं मधल्या बाजूला वळायचं, पुढचा पाय मोकळा. सरळ छाती काढून उभा माणूस जास्त जागा खातो आणि आखडलेला दिसतो. हात रिकामे असले की लोक मुठी आवळतात, म्हणून मागच्यांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवावा, बसलेल्यांनी मांडीवर. पर्स, मोबाइल, पाण्याच्या बाटल्या बाहेर. मग एकच सूचना, मोठ्याने: ‘दोन्ही डोळ्यांनी लेन्स दिसत्येय का? एक डोळा मिटा, मग दुसरा.’ ज्याला एका डोळ्याने लेन्स दिसत नाही त्याचा अर्धा चेहरा झाकला जाणार. त्याने स्वतः सरकायचं. ‘हसा, हसा’ ओरडू नका, आजोबांना कोणीतरी काहीतरी विचारा, बाकीचे ऐकतात आणि चेहरे सैल होतात.

दिवे: स्टेजचे रंगीत एलईडी बंद करायला सांगा, नाहीतर अर्धे चेहरे जांभळे. फ्लॅश छतावर मारा, छत पांढरं असेल तर. लेन्सचं छिद्र f/5.6, फोकस खुर्चीतल्या आजींच्या चेहऱ्यावर.

फोटो किती? मिटणाऱ्या पापण्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या दोघांनी, पियर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी, हिशोब मांडला होता, त्याला २००६ साली इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं बक्षीस मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले की एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची जवळजवळ खात्री. पन्नासच्या पुढे आशा जवळजवळ सोडायची. चाळीस जणांसाठी पंचवीस काढा, घोडा जागचा न हलवता. एका जागेवरून काढलेले असले तर एकातला मिटलेला चेहरा दुसऱ्यातून उचलून बसवता येतो. घोडा हलला की ते जमत नाही. ‘डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा’ हेही दोन-तीनदा करा.

उठवण्याआधी स्क्रीनवर मोठं करून मागची रांग आणि दोन्ही कडा बघा. मग मुलांना सोडा, ज्येष्ठांना खुर्चीतच ठेवून एकेका शाखेचे फोटो उरका, आणि पंगत सुरू करायला सांगा.