ट्रान्सपोर्टरकडे क्लेम अडकलाय आणि ३१ मार्च आलाय

क्लासच्या गणितात 'क्लेम मंजूर १,२०,०००' असं छापलेलं असतं आणि उत्तर चार ओळींत सुटतं. ऑडिटच्या फाइलीत मात्र फक्त क्लेम दाखल केल्याचं पत्र सापडतं. नव्या आर्टिकल्सची गाडी इथेच घसरते.

सोप्या आकड्यांत सांगतो. नागपूरच्या व्यापाऱ्यानं भिवंडीहून ४ लाखांचा माल घेतला, वर ७२ हजार जीएसटी. ऑर्डर एक्स-गोडाऊन, म्हणजे वाटेतली जोखीम खरेदीदाराची. हे आधी ऑर्डरवर बघा, नाहीतर तोटा भलत्याच्याच पुस्तकात जाईल. २० मार्चला माल गहाळ झाला, २८ला ४ लाखांचा क्लेम गेला. अकाउंटंटनं तेवढेच 'क्लेम रिसिव्हेबल' धरले आणि तोटा शून्य करून टाकला.

ट्रान्सपोर्टरचं उत्तर काय होतं? 'चौकशी चालू आहे.' ही कबुली नव्हे. एएस २९ प्रमाणे पैसे येणं जवळजवळ निश्चित असेल तरच येणं दाखवता येतं. आपण मागितले, आपली बाजू खरी आहे, मागच्या वर्षी त्यांनी दिले होते, यातलं काहीही पुरत नाही. मागणारे आपण आहोत, मान्य करणारा दुसरा आहे. त्याच्या सहीचं, रकमेसकट पत्र हवं.

शिवाय रक्कम बघा. जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर २०११च्या रस्ते वाहतूक नियमांप्रमाणे जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापट, तीही बिल्टीसोबत जाहीर केलेल्या किमतीच्या आत. भाडं १२ हजार, म्हणजे १,२०,०००. चार लाखांचं स्वप्न तिथेच संपतं. बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली नसेल तर दावाही लावता येत नाही, म्हणून नोटिशीची पोच मागाच.

एन्ट्री अवघड नाही, घाबरू नका. खरेदीतून ४ लाख काढा, इनपुट क्रेडिटचे ७२ हजार उलटवा (कलम १७(५)(एच), हरवलेल्या मालावर क्रेडिट नाही) आणि ४,७२,००० नफा-तोट्याला. हा असाधारण तोटा शिल्लक मालाच्या दरात मुरवायचा नाही. '३१ मार्चपूर्वी १,२०,००० मान्य' असं पत्र असेल, तर तेवढं येणं आणि तोटा ३,५२,०००.

'मागच्या वर्षीचं वर्किंग बघ' म्हणणाऱ्या सीनिअरचं ऐका, पण पत्र स्वतः वाचा. त्या वर्किंगमध्ये क्लेम मंजूर झालेला असू शकतो.

कबुली मे महिन्यात आली तर? मानक म्हणतं, खात्री ज्या काळात झाली त्या काळाचं उत्पन्न. म्हणजे पुढचं वर्ष. क्लायंट कुरकुरेल. इंड एएस लागू असेल आणि पैसे येण्याची शक्यता बरी असेल, तर टिपांमध्ये उल्लेख येतो. एएस २९ मध्ये टिपांमध्ये तोही नाही, फार तर संचालकांच्या अहवालात.