जुनी गाडी बघताना आधी चावी 'ऑन' करा, इंजिन नंतर

"इंजिन चालू करा, मीटरवर एकही दिवा लागलेला नसेल तर गाडी ठीक." जुनी गाडी घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि यानेच मी एकदा फसलो. २०१४ ची सेडान होती. इंजिन चालू असताना मीटर स्वच्छ दिसला, म्हणून मी बयाणा दिला. जुलैत वर्धा रोडवर पावसात ब्रेक दाबला तर चाकं लॉक होऊन गाडी घसरत गेली. गॅरेजवाल्याने मीटर उघडला तेव्हा एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावलेली निघाली. दिवा बरोबर लागत होता, दिसत नव्हता एवढंच.

तेव्हापासून कोणाचीही गाडी बघायला गेलो तरी पहिलं काम हेच करतो. दिवा विझलेला आहे की नाही हे नंतर. आधी तो लागतो का, हे बघायचं.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी चालू करू नये. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच चालवून ठेवली आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी या. आपल्या नागपूरच्या उन्हात दुपारी बारा वाजता मीटरवरचे दिवे नीट दिसत नाहीत, म्हणून सकाळी सहा-साडेसहाला जा किंवा गाडी सावलीत घ्यायला लावा. चावी स्वतःच्या हातात घ्या. मालक चालकाच्या सीटवर बसला की सरळ स्टार्ट मारतो, आणि बघायचे ते क्षण निघून जातात.

आता मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ सुरू करा आणि चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक आणि क्लच न दाबता बटण दाबा. बहुतेक गाड्यांत दुसऱ्यांदा दाबल्यावर 'ऑन' होतं. आणि पंधरा सेकंद थांबा. या पंधरा सेकंदांत दिव्यांचे दोन गट वेगळे होतात. एअरबॅग आणि एबीएस हे दिवे लागतात आणि काही सेकंदांत आपोआप विझतात, इंजिन बंद असतानाच. बॅटरी, ऑइल आणि चेक इंजिन हे मात्र साधारणपणे इंजिन चालू होईपर्यंत लागलेले राहतात. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत गेला पाहिजे. हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा लाल दिवा राहिला तर ब्रेक ऑइलची पातळी बघा.

लबाडी या दोन गटांच्या फरकातच सापडते. दिवा लागलाच नाही, तर तो बहुधा काढलेला किंवा झाकलेला आहे. एअरबॅगचा दिवा लागला, पंधरा सेकंद तसाच राहिला आणि इंजिन चालू होताच बॅटरीच्या दिव्याबरोबर विझला, तर त्याची वायर बॅटरीच्या किंवा ऑइलच्या दिव्याला जोडली आहे असं समजा. नुसत्या डोळ्यांना हे चटकन कळत नाही. व्हिडिओ हळू करून बघितला की दोन्ही दिवे एकाच क्षणी जाताना दिसतात.

माझ्या मावसभावासाठी मनीषनगरला एक २०१७ ची एमएच-४९ हॅचबॅक बघितली, तिच्यात अगदी हेच निघालं. हॉर्न स्टिअरिंगवर दाबला तर वाजेना, त्यासाठी डॅशबोर्डखाली वेगळं बटण बसवलेलं होतं. स्टिअरिंगवरची गाण्यांची बटणंही मेलेली. मालक म्हणाला, "भाऊ, हॉर्न असाच आवडतो मला." पण या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जुळतात. स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली एक पट्टीसारखी केबल असते, गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. हॉर्न, बटणं आणि चालकाची एअरबॅग यांचा करंट तिच्यातूनच जातो. ती तुटली की तिघंही बंद आणि एअरबॅगचा दिवा कायमचा चालू. तो लपवण्यासाठीच वायर जोडली होती. क्लॉक स्प्रिंग बदलता येते, पण जो माणूस एअरबॅगचा दिवा लपवतो त्याने आणखी काय लपवलं असेल, या विचाराने आम्ही ती गाडी सोडली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एअरबॅग फुटून गेल्यावर तिच्या जागी रेझिस्टन्स बसवला तर दिवा अगदी नियमाने लागतो आणि विझतो. हा प्रकार मीटर बघून कळत नाही. स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या झाकणाचा रंग, फट, नवेपणा बघा आणि शंका आली तर गॅरेजमध्ये उघडून घ्या. शिवाय प्रत्येक जुन्या गाडीत एअरबॅग असेलच असं नाही. चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये ती नसूही शकते.

"स्कॅनर लावला की झालं" हेही अर्धवटच. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्त ओबीडी स्कॅनर मुख्यतः इंजिनच्या बिघाडाचे कोड दाखवतो, एअरबॅगचे बऱ्याचदा नाही. तरी लावा, पण कोड शून्य दिसला म्हणून खूश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे अनेक गाड्यांत दिसतं. तिथे ४ किलोमीटर असेल तर काल संध्याकाळीच कोणीतरी पुसलं आहे.

बाकीचं पटापट होतं. सेंट्रल लॉक तपासण्याआधी एक काच खाली ठेवा, नाहीतर चावी आत राहून दारं बंद होतील. रिमोटने, चावीने आणि आतल्या बटणाने लॉक करा आणि दर वेळी प्रत्येक दार, डिकीसकट, हाताने ओढून बघा.

प्रत्येक काच तिच्या दाराच्या आणि चालकाच्या, अशा दोन्ही बटणांनी वरखाली करा. हळू पण एकसारखी चढत असेल तर बहुधा उन्हाने रबर वाळलेलं असतं, सिलिकॉन स्प्रेने भागतं. तिरकी होत, कटकट आवाज करत चढली तर आतली केबल जात आली आहे. काच कधी चालते कधी नाही, असं झालं तर बटण दाबून ठेवून दार हलवा. बिजागरीपाशी वायर तुटत आलेली असेल तर लगेच कळेल.

वायपर कोरड्या काचेवर चालवू नका, आधी पाणी मारा. सगळे वेग बघा आणि बंद केल्यावर ते खाली जाऊन थांबतात का तेही. अधेमध्ये थांबले तर मोटरचं काम निघेल. ब्लेडचं रबर मात्र इथल्या उन्हात जातंच, त्यावरून भाव पाडू नका.

दिव्यांसाठी गाडी भिंतीजवळ लावा, म्हणजे एकट्यालाही ब्रेक आणि रिव्हर्सचा उजेड दिसतो. इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरच्या तालावर मागचे बाकीचे दिवे मंद होत असतील तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग खराब आहे.

मग दहा किलोमीटर चालवून या. एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरचा दोष बऱ्याचदा गाडी धावल्यावरच पकडला जातो आणि दिवा तेव्हा लागतो. परत आल्यावर इंजिन बंद करा, व्हिडिओ सुरू करा आणि चावी पुन्हा 'ऑन'वर नेऊन तेच पंधरा सेकंद बघा.