कॉर्पोरेट प्लॅनरला हॉलचा मेल कसा लिहावा: क्षमता, पॅकेज आणि तारखेचा होल्ड

हिंजवडी, बाणेर, खराडीतल्या कंपन्यांना कार्यक्रम करायचा असतो तेव्हा त्यांचा ॲडमिन विभाग किंवा इव्हेंट एजन्सी एकाच दिवशी चार-पाच हॉलना विचारणा पाठवते. आलेल्या उत्तरांचा एक्सेलमध्ये तक्ता होतो आणि तो साहेबांपुढे जातो. तुमच्या मेलमधून त्या तक्त्याचे रकाने भरता आले, तरच तुमचं नाव पुढे सरकतं. म्हणून ‘भव्य, वातानुकूलित, प्रशस्त’ अशी वर्णनं बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पक्क्या लिहा: किती माणसं बसतील, किती पैसे लागतील आणि तारीख कशी राखून मिळेल.

एक उदाहरण घेऊ. विचारणा अशी आहे: शुक्रवार 11 डिसेंबर 2026, दिवसभराची डीलर मीट, 190 माणसं, गोल टेबलं, स्टेज आणि एलईडी वॉल. आपला हॉल 100 फूट लांब, 50 फूट रुंद.

क्षमता: मांडणीप्रमाणे आकडे द्या

जाहिरातीत ‘600 पाहुणे’ लिहिलेलं असतं, ते बुफेला उभ्याने फिरणाऱ्या माणसांसाठी. कॉर्पोरेट प्लॅनरला बसलेली माणसं मोजायची असतात. एकूण जागा 5,000 चौरस फूट. स्टेज, त्यामागची एलईडी वॉल आणि पुढची मोकळी जागा मिळून 16 फूट खोली जाते, म्हणजे 800 चौरस फूट. मागे साउंड कन्सोल आणि ये-जा करायची पट्टी 8 फुटांची, म्हणजे आणखी 400. उरले 3,800. थिएटर मांडणीत माणशी साधारण 10 चौरस फूट धरले तर 380 खुर्च्या बसतात. पाच फुटी गोल टेबलाला खुर्च्या आणि वाढप्याच्या वाटेसकट 115 चौरस फूट लागतात. त्या हिशोबाने 33 टेबलं, टेबलामागे आठ जण, एकूण 264.

पण डीलर मीटमध्ये सगळ्यांना स्टेज दिसायला हवं. स्टेजकडे पाठ होणाऱ्या दोन खुर्च्या काढल्या की टेबलामागे सहा जण उरतात आणि क्षमता 198 वर येते. याला हाफ-मून मांडणी म्हणतात. 190 माणसांना हा आकडा जेमतेम पुरतो, आणि नेमकं हेच मेलमध्ये स्पष्ट लिहायचं: ‘हाफ-मून मांडणीत 198, त्यापुढे संख्या गेली तर काही टेबलांना आठ खुर्च्या लावाव्या लागतील.’ जेवणाचे काउंटर हॉलबाहेरच्या लॉबीत आहेत की आत, तेही सांगा. आत असतील तर सहा-सात टेबलं गेलीच.

पॅकेज: दोनच द्या, पण एका दराचा पूर्ण हिशोब करून

अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस एवढी दोन पॅकेजं पुरतात. प्रत्येकात वेळ किती ते किती, चहा किती वेळा, जेवणात काय, माइक आणि प्रोजेक्टर धरून की वेगळे, जैन जेवणाची सोय आहे का, हे दोन-तीन ओळींत येतं. एलईडी वॉल बाहेरून येणार असेल तर तिला किती वीज देता येईल आणि जनरेटरवर ती चालेल का, हेही लिहा. या मुद्द्यावरून हमखास फोन येतो.

मग बेरीज करून दाखवा. समजा पूर्ण दिवसाचा दर माणशी 1,800 रुपये आणि मिनिमम गॅरंटी 180 प्लेटची. म्हणजे 3,24,000 रुपये. आपल्या हॉलला जीएसटी 18 टक्के लागू आहे असं धरलं (दर आपल्या सीएकडून पक्का करून घ्या), तर कर 58,320 आणि एकूण 3,82,320. ‘टॅक्स वेगळा’ एवढंच लिहिलेला हॉल तक्त्यात स्वस्त दिसतो आणि बिलाच्या वेळी भांडण होतं. अंतिम संख्या कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी कळवायची, आणि बिल गॅरंटी किंवा प्रत्यक्ष प्लेट यांतल्या मोठ्या आकड्यावर होईल, हे वाक्य गाळू नका.

होल्ड: मेलचा सर्वांत काळजीपूर्वक लिहायचा भाग

‘ठेवतो तुमच्यासाठी’ या तोंडी शब्दावर सर्वाधिक तारखा बिघडतात. होल्ड म्हणजे पैसे न घेता, ठरावीक मुदतीपर्यंत तारीख राखणं. मेलमध्ये तो असा लिहा:

> 11 डिसेंबर 2026 साठी मुख्य हॉल आणि लॉबी, सेटअपसाठी 10 डिसेंबरच्या रात्री 9 पासून, कार्यक्रम संपवून हॉल मोकळा 11 डिसेंबरच्या रात्री 8 पर्यंत. आपला हा पहिला होल्ड असून मुदत सोमवार 12 ऑक्टोबर, सायंकाळी 6. या मुदतीत परचेस ऑर्डर किंवा सही केलेलं कन्फर्मेशन न आल्यास होल्ड आपोआप सुटेल.

यात सेटअपची रात्र मुद्दाम आहे. दिवस दिला आणि आदली रात्र दुसऱ्या कार्यक्रमाला गेली, तर एलईडीवाले उभे राहणार कुठे? उलट बाजूही बघा. शनिवारी लग्न असेल तर शुक्रवारी रात्री डेकोरेटर आत यायला हवा. म्हणून रात्री 8 ची वेळ.

त्याच तारखेला दुसरं कोणी विचारलं तर त्याला दुसरा होल्ड द्या आणि तो दुसरा आहे हे स्पष्ट सांगा. समजा गुरुवार 8 ऑक्टोबरला दुपारी 3 वाजता दुसरी एजन्सी परचेस ऑर्डर घेऊन तयार आहे. आता पहिल्याला फोन करा आणि लगेच मेलही टाका: ‘शुक्रवार दुपारी 3 पर्यंत कन्फर्म करा, नाहीतर तारीख पुढच्याला जाईल.’ याला चॅलेंज म्हणतात. वरच्या होल्डच्या मजकुरात ही अटही जोडा. ती पहिल्याच मेलमध्ये नसेल, तर आपल्याला डावललं असं पहिल्याला वाटतं आणि तसं वाटणं चूक नाही. चॅलेंजचे 24 तास कामाच्या दिवसांचेच धरा. शुक्रवारी संध्याकाळी दिलेली मुदत शनिवारी संपवणं अन्यायाचं आहे, कारण सही करणारा माणूस सोमवारीच भेटतो.

कन्फर्म कशाने होतं, इथे कंपनीची पद्धत समजून घ्या. नवीन हॉलला व्हेंडर म्हणून नोंदवायला पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक मागतात आणि त्यात दिवस जातात. ‘ॲडव्हान्स आला तरच कन्फर्म’ असा हट्ट धरलात तर चांगली कंपनी निसटते. परचेस ऑर्डरवर तारीख पक्की करा आणि ॲडव्हान्ससाठी वेगळी मुदत द्या. तो टीडीएस कापून येतो, तेव्हा रक्कम थोडी कमी दिसली म्हणून घाबरू नका.

आणखी एक गोष्ट ओळखायला शिका. एकाच आठवड्यात तीन एजन्सींनी तीच तारीख, तीच 190 माणसं आणि तीच हाफ-मून मांडणी मागितली, तर बहुधा तिघी एकाच कंपनीचं काम मिळवायला धडपडत आहेत. तुमच्या डायरीत तीन होल्ड दिसतात, ग्राहक मात्र एकच. म्हणून होल्ड देताना मूळ कंपनीचं नाव विचारा. एजन्सीला ते सांगायचं नसेल, तर निदान कंपनी कोणत्या व्यवसायातली आहे एवढं तरी मागा.

पाठवण्याआधी

विषयाच्या ओळीत तारीख, संख्या आणि होल्डची मुदत तिन्ही येऊ द्या: ‘11 डिसेंबर, 190 जण, होल्ड 12 ऑक्टोबरपर्यंत’. बिलासाठी कंपनीचा महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक आत्ताच मागा. हॉल पुण्यात असल्याने करही महाराष्ट्रातच लागतो. बंगळुरूच्या मुख्यालयाचा क्रमांक बिलावर आला तर त्यांना त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, आणि बिल दुरुस्तीसाठी परत येतं. शेवटी डायरी ज्याच्या हातात आहे त्या एकाच माणसाचा फोन नंबर द्या. दोन माणसं दोन वह्यांत होल्ड लिहीत असतील, तर आधी त्यांची एक वही करा आणि मगच मेल पाठवा.