रिपोर्टमधल्या फाइंडिंग्ज आणि रेकमेंडेशन्सची खिचडी कशी टाळायची

टर्म्स ऑफ रेफरन्स, प्रोसीजर, फाइंडिंग्ज, कन्क्लूजन्स, रेकमेंडेशन्स हा क्रम तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. बी.कॉम.ला बिझनेस कम्युनिकेशन केलेलं असेल तर पाठच असेल. नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: काम काय दिलं होतं, माहिती कशी काढली, काय दिसलं, त्यावरून काय कळलं, आता काय करायचं. बस. हेडिंग्ज पाठ करण्यात काही अवघड नाहीये, अवघड आहे ते कुठलं वाक्य कुठल्या हेडिंगखाली जातं ते, आणि मी नेमकी तिथेच बरेच दिवस अडकले होते, इंग्रजी बरं असूनही. त्यामुळे बाकी सगळं पटापट सांगणार आणि यावर मात्र कंटाळा येईपर्यंत बोलणार.

एक केस घेऊया, आकडे माझे, समजायला सोपे पडावेत म्हणून घेतलेले. भिवंडीतलं एक गोडाऊन, जून महिना, माल खोक्यांमध्ये म्हणजे कोरुगेटेड कार्टन्समध्ये. ४८ कार्टन्स चेपलेली किंवा फुटलेली सापडली आणि मॅनेजर म्हणाले की का झालं ते बघ आणि दीड पानाचा रिपोर्ट दे. नवीन माणूस फाइंडिंग्जखाली पहिलं वाक्य साधारण असं लिहितो: "द वर्कर्स आर केअरलेस अँड द कार्टन्स आर स्टॅक्ड टू हाय, सो प्रॉपर ट्रेनिंग शुड बी गिव्हन."

ग्रामरला नाव ठेवायला जागा नाही. पण या एका वाक्यात तीन हेडिंग्ज कोंबलेली आहेत. केअरलेस हे तुमचं मत, ते कुणी मोजलेलं नाही. टू हाय हा अर्धा निष्कर्ष, कारण किती उंच आणि किती उंच चालतं हे सांगितलेलंच नाही. आणि ट्रेनिंग ही तर शिफारस, ती पाहणीच्या भागात घुसलीये. वाचणारा मॅनेजर पहिल्या शब्दालाच भांडायला उभा राहतो, माझी माणसं केअरलेस नाहीत म्हणून, आणि मग पुढचं कुणी वाचत नाही. खरं सांगते, बहुतेक रिपोर्ट इथेच मरतात, स्पेलिंगने कुणाचाच रिपोर्ट मरत नाही.

फाइंडिंग म्हणजे असं वाक्य की जे तुमच्यावर अजिबात विश्वास नसलेला माणूससुद्धा स्वतः गोडाऊनमध्ये जाऊन किंवा रजिस्टर उघडून तपासू शकेल. हीच एक कसोटी लावा. मग वरचं वाक्य फुटतं आणि त्याची अशी छोटी छोटी वाक्यं होतात:

३.१ ऑफ द ४८ डॅमेज्ड कार्टन्स, ३५ वेअर इन द बॉटम लेयर.
३.२ कार्टन्स वेअर स्टॅक्ड एट हाय. द लिमिट प्रिंटेड ऑन द कार्टन इज सिक्स.
३.३ बोथ सुपरवायझर्स सेड दॅट दे डिड नॉट नो अबाउट द लिमिट.
३.४ नाइन डॅमेज्ड कार्टन्स वेअर इन द रो नेक्स्ट टू द नॉर्थ वॉल. द फ्लोअर देअर वॉज वेट.
३.५ नो कॉज वॉज फाउंड फॉर द रिमेनिंग फोर.

आता यातलं ३.३ बघा. सुपरवायझर म्हणाला की माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं का? देव जाणे. फाइंडिंग एवढंच आहे की तो तसं म्हणाला, म्हणून वाक्यात सेड पाहिजेच. तो एक शब्द गाळला की तुम्ही त्याची बाजू घेतली असं होतं, आणि उद्या ट्रेनिंगच्या रजिस्टरमध्ये त्याची सही सापडली की तोंडघशी तुम्ही पडता.

आणि ३.५ काढून टाकायचा मोह होतो, मला माहितीये. चार खोक्यांचं कारण सापडलं नाही हे लिहायला लाज वाटते. लिहा. ३५ अधिक ९ म्हणजे ४४, वाचणारा मनात बेरीज करतोच आणि उरलेली चार कुठे गेली हा प्रश्न त्याला पडला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. लिहिलंत की विषय संपला.

कन्क्लूजनमध्ये नवीन माहिती येत नाही, एकही नाही. फाइंडिंग्ज एकमेकांशेजारी ठेवून त्यातून जे निघतं तेवढंच: बहुतेक नुकसान मर्यादेपेक्षा उंच थप्पी लावल्यामुळे झालेलं दिसतंय आणि थोडं ओलीमुळे. पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची वजन पेलायची ताकद कमी होते, त्यामुळे पावसाळ्यात ही दोन्ही कारणं एकमेकांना मदतही करतात. म्हणून इथे अपीअर्स टू, मेनली असे शब्द हक्काने वापरा. फाइंडिंग्जमध्ये मात्र ते वापरू नका, तिथे ३५ म्हणजे ३५. आणि पाहणी फक्त जूनची होती हेही इथेच एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर कुणीतरी तुमचा रिपोर्ट वर्षभराच्या नुकसानाला लावणार.

आता रेकमेंडेशन्स. इथे माझा आवडता राग आहे तो म्हणजे सीसीटीव्ही आणि ट्रेनिंग. विषय कुठलाही असो, कॅन्टीन असो, लायब्ररी असो, गोडाऊन असो, शेवटी सीसीटीव्ही बसवा आणि स्टाफला ट्रेनिंग द्या. हे त्या डाउनलोड केलेल्या टेम्पलेट्समुळे होतं असं माझं ठाम मत आहे, हेडिंगखाली रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच. रफ कागदावर प्रत्येक शिफारशीपुढे फाइंडिंगचा नंबर लिहा. सहाच्या वर थप्पी नको, हे ३.२ वरून. उत्तरेच्या भिंतीपासून माल हलवा, हे ३.४ वरून. सुपरवायझरना मर्यादा लेखी कळवा, ३.३ वरून. सीसीटीव्ही? कुठूनच नाही. अशी अनाथ शिफारस सरळ खोडा. उलटंही तपासा, एखाद्या फाइंडिंगला ना निष्कर्ष ना शिफारस असेल तर ते का आहे तिथे? (३.५ ला चालतं, ते हिशोब पूर्ण करायला आहे.)

हे नंबर टाकण्याचं काम दहा मिनिटांचं आहे आणि त्यातच खरी गंमत कळते. आठच्या जागी सहा थर लावा असं तुम्ही लिहिलंत. समजा गोडाऊनमध्ये ९६० कार्टन्स आहेत. आठच्या थप्प्या म्हणजे १२० थप्प्या, सहाच्या म्हणजे १६०. चाळीस थप्प्यांची जागा जास्तीची लागणार! मॅनेजरचा पहिला प्रश्न हाच असणार की ती आणू कुठून, आणि तुमच्या फाइंडिंग्जमध्ये मोकळ्या जागेबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे शिफारस बरोबर आहे पण तिच्या खालची एक पाहणी राहिलीये. परत जायचं, मागच्या बाजूला किती जागा रिकामी आहे ती मोजायची, आणि ३.६ म्हणून टाकायची. जागा नसेलच तर शिफारस बदलते, मग रॅकचा विचार किंवा माल कमी ठेवण्याचा. मला विचाराल तर रेकमेंडेशन्स आधी कच्च्या लिहून मग फाइंडिंग्जकडे परत जावं, पाहणी पूर्ण झाली की नाही हे तेव्हाच कळतं. आमचे एक सीनियर होते ते माझं इंग्रजी कधीच तपासायचे नाहीत, प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून फक्त विचारायचे, "हे कुठे पाहिलंस गं?" कॉमे दुरुस्त करणारे सीनियर ढीगभर मिळतात, असा एक गाठता आला तर सोडू नका.

भाषेबद्दल थोडंच सांगते, कारण वर सांगितलेलं जमलं की भाषा आपोआप निम्मी सुधारते, छोटी वाक्यं करावीच लागतात. फाइंडिंग्ज भूतकाळात, कारण तुम्ही पाहिलंत तेव्हाची गोष्ट आहे, पण कार्टनवर छापलेली मर्यादा आजही तीच आहे म्हणून तिथे इज. इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट हे प्रत्येक वाक्याच्या आधी लावायची खोड मराठी मीडियमवाल्यांना जास्त असते, मलाही होती, आपल्या सरकारी पत्रातलं "असे निदर्शनास आले आहे की" डोक्यात बसलेलं असतं ना. हेडिंगच फाइंडिंग्ज आहे, तर निदर्शनास आलं हे वेगळं कशाला सांगायचं? खोडा, वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. तसंच द सेम, काइंडली डू द नीडफुल, ॲज पर हे सगळं खोडा.

रेकमेंडेशनमध्ये मात्र पॅसिव्ह खरंच घातक आहे. कार्टन्स शुड बी स्टॅक्ड प्रॉपर्ली. कोण लावणार? कधीपासून? प्रॉपर्ली म्हणजे किती? त्याऐवजी: फ्रॉम १ ऑगस्ट, द शिफ्ट सुपरवायझर शुड चेक दॅट नो स्टॅक इज मोअर दॅन सिक्स हाय. माणूस आला, तारीख आली, आकडा आला. वाक्य कदाचित तुम्हाला फार साधं वाटेल, शाळकरी वाटेल. तसंच पाहिजे, खरंच घाबरू नका, साध्या वाक्यामुळे कुणी तुमचं इंग्रजी कच्चं म्हणत नाही. सगळ्या शिफारशी एकाच साच्यात ठेवा, एक शुडने, दुसरी वी मस्टने, तिसरी इट इज सजेस्टेड टू ने असं करू नका. सजेस्ट टू तर चुकीचंच आहे.

दीड पानाला एक्झिक्युटिव्ह समरी लावू नका, उगाच फुगवटा. सब-हेडिंग द्यायचंच तर काहीतरी सांगणारं द्या, स्टॅक हाइट, डॅम्प निअर नॉर्थ वॉल असं, जनरल ऑब्झर्व्हेशन्स नावाचं कपाट उघडू नका कारण त्यात सगळी अडगळ जाते.

परीक्षेसाठी वाचताय त्यांना: केंब्रिजच्या बी२ फर्स्टमध्ये रिपोर्ट १४० ते १९० शब्दांचा असतो, तिथे पाचही हेडिंग्ज मावत नाहीत. इंट्रोडक्शनमध्येच उद्देश आणि माहिती कशी काढली ते उरकायचं, मग प्रश्नात विचारलेल्या मुद्द्यांची एक-दोन हेडिंग्ज, शेवटी रेकमेंडेशन्स. आकडे मनाने घेता येतात, तिथे कुणी गोडाऊनमध्ये जाऊन मोजत नाही, पण शिफारस वरच्या पॅराग्राफमधून निघालेली दिसली पाहिजे, नाहीतर शेवट चिकटवल्यासारखा वाटतो.

ऑफिसमध्ये मात्र मोजलेली शीट अपेंडिक्सला जोडा, कुठल्या तारखेला मोजलं ते त्यावर लिहा, आणि ३.१ च्या शेवटी सी अपेंडिक्स ए एवढं टाका. पूर्ण टेबल फाइंडिंग्जमध्ये घालू नका, ज्याला बघायचंय तो पान उलटेल.